वॅट गेला, वृत्ती कर राहिला

जबलपूरच्या छोट्या मालकाला वृत्ती कराच्या थकबाकीची नोटीस आली की तिच्या मुळाशी पुष्कळदा एकच तारीख सापडते: १ जुलै २०१७. त्या दिवशी जीएसटी लागू झाला आणि वॅटचा जुना टिन क्रमांक निरुपयोगी झाला. प्रवेश कर गेला, वॅटची पत्रके गेली. दुकानदाराने कर-वकिलाकडची जुनी फाइल आणली, दोरीने बांधली आणि माळ्यावर टाकली. त्याच फाइलीत वृत्ती कराचे नोंदणी प्रमाणपत्र होते. ते मात्र रद्द झालेले नव्हते.

हे समजून घेण्यासाठी थोडे राज्यघटनेकडे जावे लागते. व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी यांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यसूचीच्या ६० व्या नोंदीत आहे आणि त्याची मर्यादा अनुच्छेद २७६ मध्ये आहे. जीएसटी आला तेव्हा राज्यांचे अनेक कर त्यात विरघळले, पण ही नोंद जागच्या जागी राहिली. त्यामुळे मध्य प्रदेशचा १९९५ चा वृत्ती कर अधिनियम पूर्वीसारखाच चालू राहिला. तो राबवणारा वाणिज्यिक कर विभागही तोच, आणि राज्याच्या जीएसटीचे कामही त्याच विभागाकडे. मालकाच्या लेखी जुना कर संपला होता. विभागाच्या लेखी तोच मालक दरमहा जीएसटीचे पत्रक भरत होता आणि वृत्ती कराचे भरत नव्हता.

म्हणूनच ‘नोंदणी संपली होती’ हे पहिले स्पष्टीकरण बहुधा टिकत नाही. मालक म्हणून घेतलेली नोंदणी दरवर्षी नूतनीकरण करायच्या परवान्यासारखी नसते. धंदा बंद झाला किंवा कर लागणारा नोकर उरला नाही म्हणून आपण अर्ज केला आणि अधिकाऱ्याने ती रद्द केली, तरच ती संपते. पत्रके भरणे थांबवले की ती फक्त झोपते, आणि झोपलेल्या नोंदणीखाली दर वर्षाचा रकाना रिकामा साठत जातो.

इथे एका मुद्द्यावर थांबायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. वृत्ती कर हा नोकराचा कर आहे. मालकाने तो पगारातून कापून सरकारजमा करायचा. पण कायदा असेही म्हणतो की कपात केली असो वा नसो, भरण्याची जबाबदारी मालकाचीच. चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मेकॅनिकच्या दीड हजारांसाठी विभाग त्या मेकॅनिकला शोधत नाही, दुकानाच्या पत्त्यावर नोटीस पाठवतो. शिवाय मालकाला स्वतःच्या व्यवसायापोटी वेगळा वृत्ती कर असतो, त्याचे नामांकन वेगळे आणि हिशेबही वेगळा. नोटीस हातात आल्यावर ती या दोहोंपैकी कशाची आहे हे आधी पाहावे. दोन्ही एकत्र करून दिलेले उत्तर प्रकरण पुढे कितीतरी पेश्या लांबवते.

आता एक धंदा समोर ठेवू. तो मी उदाहरणासाठी रचला आहे, पण त्यातले सगळे काही नेहमी दिसणारे आहे. जबलपुरात एका मराठी कुटुंबाचे पंप आणि मोटारींच्या विक्री-दुरुस्तीचे दुकान. वडिलांच्या काळात वॅटबरोबर वृत्ती कराचीही नोंदणी झाली होती. २०१७ नंतर काही वर्षे दुकान घरच्याच माणसांवर आणि कमी पगाराच्या दोन मदतनिसांवर चालले, म्हणून कोणाला काही जाणवले नाही. २०२१ पासून मुलाने दुरुस्तीचे काम वाढवले, एक व्यवस्थापक, एक हिशेबनीस आणि दोन मेकॅनिक ठेवले, मदतनीस तीन झाले. मग २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांसाठी नोटीस आली: वृत्ती कर ७०,००० रुपये, व्याज आणि दंड वेगळे, अमुक तारखेला वृत्त कार्यालयात हजर राहावे.

सत्तर हजार हा आकडा कुठून आला हे नोटिशीत लिहिलेले नसते. पण तो फोडता येतो. अनुच्छेद २७६ प्रमाणे एका माणसावर एका वर्षात २,५०० रुपयांपेक्षा जास्त वृत्ती कर बसवता येत नाही. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २५० वरून २,५०० केली, आणि ती अजून तेवढीच आहे. आता ७०,००० ला २,५०० ने भागा. २८ येतात. चार वर्षांनी भागा, ७ येतात. म्हणजे अधिकाऱ्याने सात नोकर धरले आणि सातही जणांना सर्वांत वरचा दर लावला. सात कुठून आले? दुकानाच्या गुमास्ता नोंदणीत मालकाने स्वतःच सात नोकर लिहिले होते. पत्रक नसेल तेव्हा अधिकारी हाताशी असलेल्या माहितीवरून अंदाजाने कर ठरवतो, आणि अंदाज करताना तो खालचा दर धरत नाही. या नोटिशीला दिलेले उत्तर म्हणजे त्या सात जणांचा खरा पगार कागदावर दाखवणे, बाकी काही नाही.

मध्य प्रदेशचा दर वार्षिक पगारावर ठरतो. वर्षाला २,२५,००० रुपयांपर्यंत कर नाही. त्यापुढे ३,००,००० पर्यंत वर्षाला १,५०० रुपये, म्हणजे महिन्याला १२५. तीन ते चार लाखांना २,००० रुपये, ते अकरा महिने १६६ आणि बाराव्या महिन्यात १७४ असे कापायचे. चार लाखांच्या वर २,५००, अकरा महिने २०८ आणि शेवटी २१२. महिन्याच्या भाषेत पहिली रेघ १८,७५० रुपयांवर आहे, दुसरी २५,००० वर.

या दुकानाचा तक्ता असा निघाला. पहिल्या वर्षी व्यवस्थापकाला महिना ३२,००० होते, वर्षाचे ३,८४,०००, म्हणून २,००० कर. हिशेबनीस २४,००० वर, म्हणून १,५००. जुना मेकॅनिक १९,००० वर, वर्षाचे २,२८,०००, तोही रेघेच्या जरासा वर, १,५००. दुसरा मेकॅनिक १८,००० वर, वर्षाचे २,१६,०००, त्याला कर नाही. तीन मदतनीस तेरा हजारांच्या आतले, त्यांनाही नाही. पहिल्या वर्षाचा कर झाला ५,०००. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापकाचे ३४,००० झाले आणि तो चार लाखांच्या वर गेला. हिशेबनीस २५,५०० वर आला आणि तीन लाखांची रेघ ओलांडली. त्या वर्षी ६,०००. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या मेकॅनिकला २०,००० मिळू लागले, म्हणून ७,५००, आणि चौथ्या वर्षीही ७,५००. चारही वर्षांची बेरीज २६,०००. मागणी होती सत्तर हजारांची.

फरक ४४,००० रुपयांचा आहे, पण तो मान्य करून घ्यायला पुरावा लागतो, आणि छोट्या दुकानाची अडचण इथेच असते. भविष्यनिर्वाह निधी साधारणपणे वीस माणसांपासून लागू होतो आणि राज्य विमा दहांपासून. सात नोकरांच्या दुकानात दोन्ही नसतात, त्यामुळे महिन्यागणिक पगाराची सरकारदरबारी नोंद नसते. मग उरते ते पगाराचे रजिस्टर, सही किंवा अंगठ्याची व्हाउचरे, बँकेतून गेलेले पगार आणि आयकर विवरणातील नफा-तोटा पत्रकाची ‘पगार’ ही ओळ. अनुभवी अधिकारी रजिस्टरच्या आधी ही शेवटची ओळ पाहतो. चौथ्या वर्षी व्यवस्थापकाचे ४,३२,०००, हिशेबनिसाचे ३,२४,०००, मेकॅनिकांचे २,५२,००० आणि २,४०,०००, तीन मदतनिसांचे मिळून ४,६८,००० अशी बेरीज १७,१६,००० होते. नफा-तोटा पत्रकात पगार १९ लाख दाखवला असेल, तर वरचे १,८४,००० कोणाला गेले हा प्रश्न येणारच. कदाचित ती मोसमात लावलेल्या रोजंदारीच्या माणसांची मजुरी असेल, किंवा त्या ओळीत चहापाण्याचा खर्च मिसळला असेल. उत्तर काहीही असो, ते पेशीच्या आधी आपल्याला माहीत असायला हवे आणि तक्त्याखाली एका ओळीत लिहिलेले हवे.

अडचणीची दुसरी जागा रेघेजवळची. दुसऱ्या वर्षीच्या त्या १८,००० वाल्या मेकॅनिकला रेघ गाठायला वर्षाला ९,००० रुपये कमी पडतात. त्याला दर महिन्याला पेट्रोलचे ८०० दिले जात होते. वर्षाचे ९,६०० होतात, बेरीज २,२५,६०० होते, आणि कराचे १,५०० लागू पडतात. मग ते आठशे पगार आहेत की खर्च? गाडी फिरली असो वा नसो, ठरलेली रक्कम दर महिन्याला मिळत असेल तर ती नियमित मिळणाऱ्या मोबदल्यातच मोडते. पंप दुरुस्तीला गावोगाव गेल्याच्या नोंदी आणि पेट्रोल पंपाच्या पावत्या देऊन तेवढेच पैसे घेतले असतील तर ती खर्चाची भरपाई, पगार नव्हे. आपल्या दुकानात पावत्या होत्या, म्हणून तो रेघेखाली राहिला. पावत्या नसतील तर दीड हजार भरून मोकळे व्हावे. एवढ्यासाठी बाकीच्या तक्त्यावरचा अधिकाऱ्याचा विश्वास घालवणे महागात पडते.

मराठी घरांच्या बाबतीत आणखी एक चूक सारखी दिसते. जबलपूरचे नागपूरशी नाते जुने आहे. १९५६ पर्यंत दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर होती. आजही जबलपूरच्या कितीतरी मराठी दुकानांचे हिशेब नागपूरचे सनदी लेखापाल पाहतात, बरेचदा नात्यातले. फोनवर विचारले की उत्तर मिळते, “दादा, दहा हजारांच्या वर पगार ना, मग दोनशे काप, फेब्रुवारीत तीनशे.” हे महाराष्ट्राचे बरोबर आहे. तिथे दर महिन्याच्या पगारावर ठरतो, दहा हजारांच्या वर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, आणि स्त्री कर्मचाऱ्याला २५,००० पर्यंत कर नाही. पण नोकर जिथे काम करतो त्या राज्याचा कर लागतो. जबलपुरात वीस हजारांवर असलेल्या मेकॅनिकला वर्षाला १,५०० लागतात, महाराष्ट्राच्या हिशेबाने त्याचे २,५०० कापले जातात. हजार रुपये जास्त कापले, आणि तेरा हजारवाल्या मदतनिसाचे तर लागूच नसलेले कापले. हे पैसे नोकराला परत द्यायचे असतात. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये राज्याचा रकाना एकदा उघडून पाहिला तरी ही चूक सापडते.

तक्ता तयार झाला की भरण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. विभागाचे पोर्टल mptax.mp.gov.in आहे. तिथे जुना नोंदणी क्रमांक टाकून तो चालू दिसतो की रद्द, हे आधी पाहावे. जुने प्रमाणपत्र सापडत नसेल तर वडिलांच्या काळातल्या चलनांवर क्रमांक मिळतो, तोही नसेल तर वृत्त कार्यालयात अर्ज देऊन विचारावा. घाईने नवा क्रमांक काढू नये. नवा क्रमांक मिळतो, पण जुन्याखालची थकबाकी तशीच राहते, आणि पुढे त्याच नोकरांच्या त्याच वर्षांसाठी दोन क्रमांकांवर दोन मागण्या निघतात. जुना क्रमांक चालू असेल तर पत्ता, मोबाइल आणि ईमेल बदलून घ्यायचे. वडील हयात नसतील किंवा एकट्याच्या धंद्याची भागीदारी झाली असेल, तर मात्र नवी नोंदणी लागते, आणि तेव्हा जुनी कोणत्या तारखेपासून रद्द करायची ते अर्जात स्पष्ट लिहावे लागते. या दोन तारखांमध्ये फट राहिली तर फटीतल्या महिन्यांचे काय, हा प्रश्न पुढच्या वर्षी उठतो.

मग पैसे. जो कर आपल्यालाही मान्य आहे, तो पेशीच्या आधी भरावा. व्याज न भरलेल्या करावर महिन्यागणिक चालत असते, म्हणून २६,००० भरले त्या दिवशी तेवढ्यापुरते ते थांबते, वाद मग उरलेल्या ४४,००० वर चालतो. चारही वर्षांचे एकच चलन करू नये. चार चलने, चार वर्षे, प्रत्येकावर योग्य कालावधी आणि मालकाच्या नोंदणीचा क्रमांक. चलनात वर्ष निवडताना यादी चालू वर्षावर उघडते आणि हात तिथेच क्लिक करतो. मग सगळे पैसे चालू वर्षात जमा दिसतात आणि जुनी वर्षे कोरीच राहतात. रक्कम सरकारकडे पोचलेली असूनही मागणी जशीच्या तशी पुन्हा येते, आणि वर्ष बदलून घ्यायला वेगळा अर्ज करावा लागतो. मालकाच्या स्वतःच्या नामांकनाचे पैसे नोकरांच्या नोंदणीखाली भरले तरी असाच घोळ होतो.

चलनांनंतर पत्रके. पैसे भरले म्हणजे पत्रक भरले असे होत नाही. अधिकाऱ्याला करनिर्धारण करायला पत्रक लागते, नुसते चलन पुरत नाही. ज्या काळात रेघेवर कोणीच नव्हते, त्या काळासाठीही पगाराचा तक्ता जोडून ‘कर देय नाही’ असे लेखी सांगावे.

उत्तर छोटे असावे, हिंदीत, नोटिशीचा क्रमांक आणि तारीख वर लिहून. नोकरांची वर्षवार नावे, पगार, लागू दर आणि कर यांचा तक्ता, चलनांच्या प्रती, पत्रकांच्या पावत्या, आणि शेवटी दोन विनंत्या: तक्त्याप्रमाणे कर निश्चित करावा, आणि दंड लावू नये. या दोन विनंत्यांचे स्वरूप वेगळे आहे. कराचा आकडा पुराव्यावर ठरतो. दंडासाठी आधी म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, आणि तिथे कारणाला किंमत असते: वॅटबरोबर हाही कर संपला असा समज झाला, नोटीस मिळताच कर भरला, नोकरांच्या पगारातून कापून स्वतःकडे ठेवलेले काही नाही. हे शेवटचे वाक्य खरे असेल तरच लिहावे. कापून न भरणे आणि न कापणे यांत अधिकारी फरक करतो, आणि तो करायलाच हवा. उत्तराच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा. पेशीला जाता येणार नसेल तर मुदतवाढीचा अर्ज त्या तारखेच्या आधी द्यावा. गैरहजर राहिले तर एकतर्फी आदेश निघतो, आणि सत्तर हजारांचा अंदाज पक्क्या मागणीत बदलतो. अशी मागणी न भरल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे बँक खाते आणि मालमत्तेपर्यंत पोचते.

आदेश विरोधात गेला तर आदेशात दिलेल्या मुदतीत अपील. उच्च न्यायालय जबलपुरातच आहे, म्हणून थेट रिट करावी असे सुचवणारे भेटतात. पण अपिलाचा मार्ग खुला असताना न्यायालय सहसा तिकडेच पाठवते. घटनेची मर्यादाच ओलांडली गेली तर गोष्ट वेगळी. त्याचा दाखला विदर्भातलाच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावच्या नगरपालिका समितीने कापसाच्या गाठींवर घेतलेला कर घटनेच्या वार्षिक मर्यादेपेक्षा जास्त होता. भारत कला भांडार या कंपनीने जादा रक्कम परत मागितली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये असा दावा चालू शकतो असे ठरवले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती मुधोळकरांचा होता. तेव्हा मर्यादा २५० रुपयांची होती. आज कोणाही एका नोकराच्या नावापुढे एका वर्षाला २,५०० पेक्षा जास्त कर दिसला, तर ती चूक तिथेच दाखवावी.

भरलेले २६,००० नोकरांकडून वसूल करावेत का? सोडून गेलेल्यांचे तर मालकानेच सोसायचे. जे आहेत त्यांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: चार वर्षांची कपात एका महिन्यात लावू नये. मालकाने वेळेवर कापले असते तर मेकॅनिकला महिन्याला १२५ जाणवलेही नसते. आता सहा हजार एकदम कापले तर त्याचा महिना कोलमडतो. घ्यायचेच असतील तर लेखी संमती घेऊन हप्त्याने घ्यावेत, आणि कोणत्याही महिन्यात सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ नयेत, ही कायद्याची मर्यादा पाळावी. मालकाने स्वतः सोसलेली रक्कम आयकरात ज्या वर्षी प्रत्यक्ष भरली त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवायची, मागच्या वर्षांत नाही. दंड मात्र खर्चात धरता येत नाही.

आदेशाची प्रत आली की चारही चलनांची रक्कम त्यात वर्षवार वजा झाली आहे का ते ओळीने तपासावे. एखादे चलन सुटले असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्यावा, कारण वजा न झालेल्या रकमेवर व्याज लागलेले असते. मग पोर्टलवर त्या वर्षांसमोर बाकी शून्य दिसेपर्यंत फाइल बंद करू नये. त्यानंतर चालू महिन्याची कपात: व्यवस्थापकाचे २०८, हिशेबनिसाचे १६६, दोन्ही मेकॅनिकांचे १२५ प्रत्येकी, एकूण ६२४ रुपये. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात हीच रक्कम ६३६ होते, आणि ते वरचे १२ रुपये राहून गेले तर पुढच्या वर्षाच्या पत्रकात तेवढीच थकबाकी दिसते.